नियमावली न देता प्रबंध परत येतो तेव्हा

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी. विषयीचे सध्याचे विनियम नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झाले. त्यात एक ओळ आपल्या कामाची आहे. प्रबंध सादर झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत तपासणी, मौखिकी आणि निकाल हे सगळे पूर्ण होईल अशी व्यवस्था विद्यापीठाने करावी, असे ते सांगतात. आता 'सादर झाल्याच्या तारखेपासून' हे शब्द पुन्हा वाचा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने "मार्जिन बरोबर नाही, परत आणा" असे तोंडी सांगून प्रबंध परत दिला, तर तो सादर झालेलाच नसतो. सहा महिने मोजायला सुरुवात होत नाही. कोणत्याही कागदावर 'नाकारला' अशी नोंद राहत नाही. संशोधक मात्र बाइंडिंग केलेल्या प्रती पिशवीत घालून एस.टी.ने घरी परततो.

मार्जिन किती हवे, हे विनियमांत कुठेही नाही. अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर, प्रमाणपत्राचा मजकूर, मुखपृष्ठाचा रंग यांपैकी काहीही आयोग ठरवत नाही. हे ज्या त्या विद्यापीठाने आपल्या अध्यादेशात किंवा परिपत्रकात ठरवायचे असते. म्हणून "यूजीसीचे नियम आहेत" असे कोणी सांगितले तर ते अर्धेच उत्तर आहे. कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या परिपत्रकात आहेत, हा पुढचा प्रश्न तिथेच विचारायला हवा.

कोल्हापुरात बसून पीएच.डी. करणारी आपली मुले एकाच विद्यापीठात नसतात. कोणी इथल्या, कोणी सोलापूरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या, कोणी सीमेपलीकडे कर्नाटकातल्या विद्यापीठात नोंदणी केलेली असते. आमच्या अभ्यासगटात यातल्या बऱ्याच ठिकाणचे संशोधक येतात. त्यांतल्या एका ताईंचा प्रबंध तीनदा परत आला, त्याची हकिकत इथे सांगतो. विद्यापीठाचे नाव घेत नाही.

ताईंचा प्रबंध मराठीत, मानव्यविद्या शाखेतला, २४८ पानांचा. नियमावली मागितली तर विभागाने "पीएच.डी. सेक्शनला विचारा" म्हटले, सेक्शनने "गाईडना माहीत असते" म्हटले आणि मार्गदर्शकांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रबंध हातात दिला: "असाच करा." त्यांनी तसाच केला. पहिल्यांदा डावे मार्जिन कमी आणि पानांचे क्रमांक चुकीचे म्हणून प्रती परत आल्या. दुसऱ्यांदा प्रमाणपत्राचा मजकूर आणि विद्याशाखेचे नाव चुकीचे म्हणून. तिसऱ्यांदा ओळींमधले अंतर जास्त म्हणून. पहिल्याच भेटीत तिन्ही चुका एकत्र कोणी सांगितल्या नाहीत. हिशेब करा: २४८ पानांच्या पाच प्रती म्हणजे १२४० पाने. पानाला दोन रुपये धरले तर छपाईचे २४८० रुपये, त्यात बाइंडिंग वेगळे, आणि हे तीन वेळा. पैशांपेक्षा मोठे नुकसान दिवसांचे होते. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीची कमाल मुदत पाच वर्षांची आहे. ती संपल्यावर प्रबंध सादर होईपर्यंतचा प्रत्येक महिना घरच्या पैशावर काढावा लागतो.

ज्यांच्या घरात आधी कोणी पीएच.डी. केली आहे, किंवा ज्यांच्या मार्गदर्शकाकडे विद्यार्थ्यांची मोठी साखळी आहे, त्यांना नियमावलीची गरज पडत नाही. त्यांच्याकडे गेल्या वर्षी मंजूर झालेल्या प्रबंधाची वर्ड फाईल असते. ती एका पेन ड्राइव्हमधून दुसऱ्यात जाते. नियम लिहून दिला नाही की तो माहितीतल्यांच्या मालकीचा होतो, आणि पहिल्या पिढीतला संशोधक बाहेर राहतो. बाबासाहेबांनाही अशा अटीने अडवले होते. कोलंबियात त्यांचा प्रबंध १९१७ पर्यंत स्वीकारला गेला होता, पण छापील प्रती जमा केल्याशिवाय पदवी देत नसत. पुस्तक लंडनमध्ये १९२५ मध्ये छापले गेले आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली. अट कठीण होती, पण काय करायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. ताईंना तेवढेही ठाऊक नव्हते.

नियमावली हाती नसेल तर ती मंजूर झालेल्या प्रबंधांतून उलटी काढावी लागते. एकच प्रबंध नमुना म्हणून घेणे ही इथली पहिली चूक. एका प्रबंधात नियम कोणता आणि त्या संशोधकाची किंवा टायपिंगवाल्याची सवय कोणती, हे वेगळे करता येत नाही. किमान तीन प्रबंध घ्यावेत: त्याच विद्यापीठाचे, त्याच विद्याशाखेचे, गेल्या दोन वर्षांत पदवी मिळालेले आणि तीन वेगवेगळ्या मार्गदर्शकांचे. तिन्हींत जे सारखे आहे ते बहुधा नियम, जे वेगळे आहे तिथे बहुधा मोकळीक.

प्रबंध मिळण्याच्या जागा दोन. एक, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा हे भांडार, जिथे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये ठेवलेले असतात. दुसरी, विद्यापीठाचे ग्रंथालय. शिवाजी विद्यापीठाचा संशोधक असेल तर बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात छापील प्रत पाहता येते. दोन्ही हवेत. शोधगंगेवर क्रम, मजकूर आणि शब्दरचना दिसते, पण बरेच प्रबंध स्कॅन केलेले असतात आणि स्कॅनवरून मोजमाप घेता येत नाही. मोजायला छापील प्रत आणि साधी फूटपट्टी लागते.

मोजायचे कसे, इथे लोक फसतात. बाइंडिंग झालेल्या पुस्तकात डावे मार्जिन मोजता येत नाही, कारण त्याचा काही भाग शिवणीत गेलेला असतो. उजवे मोजता येते पण ते खोटे असते, कारण बाइंडर तिन्ही कडा कापतो आणि त्यात तीन-चार मिलिमीटर जातात. म्हणून मार्जिन सोडा आणि मजकुराची रुंदी मोजा. दोन्ही बाजूंनी समान केलेल्या परिच्छेदातली एक पूर्ण ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोजायची. ती शिवणीने किंवा कापणीने बदलत नाही. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. ताईंनी पाहिलेल्या तिन्ही प्रतींत ओळीची रुंदी १४६ ते १४७ मिलिमीटर भरली. २१० मधून १४६.५ वजा केले तर दोन्ही मार्जिन मिळून ६३.५ मिलिमीटर उरतात, म्हणजे बरोबर अडीच इंच. डावीकडे दीड आणि उजवीकडे एक, हे आपल्याकडचे नेहमीचे माप यात चपखल बसते. जुन्या विद्यार्थ्याच्या ज्या प्रतीवरून त्यांनी पहिल्यांदा काम केले, तिच्यात डावे मार्जिन शिवणीच्या बाहेर जेवढे दिसत होते तेवढेच त्यांनी धरले होते. चूक तिथे झाली.

ओळींमधले अंतर हा मराठी प्रबंधाचा खास त्रास आहे. "दीड स्पेसिंग" असे सगळेच सांगतात. पण वर्डमधले `1.5 lines` म्हणजे अक्षराच्या आकाराच्या दीडपट नव्हे. फॉन्ट बनवणाऱ्याने त्या फॉन्टला जी मूळ ओळउंची दिली आहे तिची ती दीडपट असते. मराठीत वर-खाली मात्रा येत असल्याने मंगलसारख्या फॉन्टची ओळउंची इंग्रजी फॉन्टपेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे मंगलमध्ये दीड ठेवले की पान विरळ दिसते आणि तपासणारा म्हणतो, डबल स्पेसिंग केले आहे. ताईंचा तिसरा फेरा याच कारणाने झाला. उलट कोकिळा फॉन्टचे अक्षर मुळातच लहान असते, त्यामुळे त्याचे १४ हे मंगलच्या १४ पेक्षा बारीक दिसते आणि "अक्षर लहान आहे" अशी हरकत येते.

यावर उपाय पुन्हा फूटपट्टीचाच. नमुन्याच्या छापील पानावर पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून अकराव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत मोजा. ही दहा अंतरे झाली. समजा ८.५ सेंटिमीटर भरले, तर एका ओळीचे अंतर साडेआठ मिलिमीटर. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर, म्हणून हे अंतर २४ पॉइंट. मग वर्डमध्ये `Line spacing` ला `Exactly` निवडून २४ लिहायचे. आता फॉन्ट कोणताही असो, ओळी तेवढ्याच अंतरावर बसतील. एक खबरदारी घ्यायची: `Exactly` मध्ये जागा कमी पडली तर वरची वेलांटी, रफार किंवा खालचा उकार कापला जातो. 'विद्यार्थ्यांनी', 'शत्रुत्व' असे शब्द असलेले एक पान छापून पाहावे.

अक्षराच्या आकारातही एक छुपी अडचण आहे. वर्ड देवनागरीला गुंतागुंतीच्या लिप्यांत मोजते आणि तिच्यासाठी फॉन्ट व आकार वेगळा साठवते. स्टाइल बदलताना वरच्या रकान्यात १४ लिहिले आणि `Complex scripts` हा रकाना तसाच राहिला, तर मजकुरातले इंग्रजी शब्द १४ होतात आणि मराठी ११ वर राहते. छापून आल्यावर इंग्रजी संदर्भ मराठीपेक्षा मोठे दिसू लागले, की हेच झाले आहे असे समजावे.

हे सगळे आकडे पानापानावर हाताने भरायचे नसतात. मुख्य मजकुराला एक स्टाइल, प्रकरणाच्या नावाला `Heading 1`, उपशीर्षकाला `Heading 2`, अवतरणाला वेगळी, अशा चार-पाच स्टाइल ठरवून सगळा प्रबंध त्यात बसवावा. नियम नक्की माहीत नसताना याचाच आधार असतो. उद्या कोणी "अंतर २४ नको, २२ हवे" म्हणाले तर एका जागी आकडा बदलून २४८ पाने दहा मिनिटांत नीट होतात आणि अनुक्रमणिका आपोआप सुधारते. ताईंची फाईल टायपिंग सेंटरने एंटर आणि स्पेस बार मारून सजवली होती. त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीला आठ दिवस गेले. पानांच्या क्रमांकांचे गणितही इथेच सुटते. सुरुवातीच्या पानांना रोमन आणि पहिल्या प्रकरणापासून १, असे हवे असेल तर प्रकरणाआधी `Section Break (Next Page)` घालून पुढच्या भागातले `Link to Previous` बंद करावे लागते. ते बंद केले नाही तर एका भागात केलेला बदल दुसऱ्यात उमटतो.

टायपिंग सेंटरला देणार असाल तर आणखी एक अट घाला: युनिकोड. जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमधले मराठी कागदावर देखणे दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. मग साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात मराठी सापडत नाही, आणि जो अहवाल येतो त्याला काही अर्थ उरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसले तर ठीक, अगम्य इंग्रजी चिन्हे दिसली तर फाईल पुन्हा करून घ्या.

आता मोजता न येणारा भाग, जिथे नमुने फसवतात. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि शीर्षकपान यांची शब्दरचना जशीच्या तशी लागते, आणि हीच पाने जुन्या प्रबंधातून उचलणे सर्वांत धोक्याचे असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि विद्याशाखा चारच राहिल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. त्याआधीच्या प्रबंधावर 'कला विद्याशाखा' किंवा 'सामाजिक शास्त्रे विद्याशाखा' असते. ती ओळ नकलली की प्रबंध परत. ताईंचा दुसरा फेरा असाच झाला. विद्यापीठांची नावेही बदललेली आहेत. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले आणि सोलापूरचे २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. म्हणून मोजमाप जुन्या प्रतीवरून घेतले तरी चालेल, शब्द मात्र सर्वांत नव्या प्रतीवरूनच घ्यावेत. विषयाचे शीर्षक तर कोणत्याही प्रतीवरून नाही, आपल्या नोंदणीच्या मंजुरीपत्रावरून अक्षरशः घ्यावे, त्यात शुद्धलेखन खटकत असले तरी. ते बदलायचे असेल तर आधी बदलाची परवानगी लागते.

एवढे केल्यावर आपल्याकडे एका पानाची यादी तयार होते: कागद, मजकुराची रुंदी, अक्षर, अंतर, पानांचे क्रमांक, सुरुवातीच्या पानांचा क्रम, प्रतींची संख्या, बाइंडिंग. ती छपाईआधी पीएच.डी. विभागाला ईमेलने पाठवावी, मार्गदर्शकांना प्रत देऊन. "नियम काय आहेत?" असे विचारू नये, त्याला उत्तर येत नाही. "मी प्रबंध खालीलप्रमाणे तयार करत आहे, यात काही बदल हवा असल्यास १५ दिवसांत कळवावे, ही विनंती" असे लिहावे. उत्तर आले तर तीच नियमावली. न आले तरी आपण विचारले होते याची तारखेसह नोंद राहते. त्यानंतर एकच साधी, सैल बांधलेली प्रत दाखवायला न्यावी. कापडी बाइंडिंग अगदी शेवटी. परत केलीच तर सगळ्या त्रुटी एकाच वेळी लिहून मागाव्यात.

हे उपाय एकेकट्या संशोधकाचे झाले. मूळ दोष तसाच राहतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपले काम ज्या नियम, सूचना आणि पुस्तिकांच्या आधारे चालते ते कोणी न मागता प्रसिद्ध करायचे असतात. प्रबंधाचे नियम त्यात सरळ बसतात. ते प्रसिद्ध नसतील तर कलम ६ खाली अर्ज करता येतो. आपल्या राज्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून तक्रारीची कहाणी त्यात लिहू नये. एवढे पुरते:

"पीएच.डी. प्रबंधाच्या स्वरूपाबाबत (कागद, समास, अक्षर, पृष्ठक्रमांक, प्रमाणपत्रांचा मजकूर, प्रतींची संख्या) आज रोजी लागू असलेला अध्यादेश, परिपत्रके व तपासणी सूची यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. प्रबंध स्वीकारताना स्वरूपाची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम कळवावे."

संशोधक असा अर्ज करायला घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही. सही ज्यांच्या हातात आहे त्यांच्या डोळ्यांवर कोणाला यायचे नसते. पण हा अर्ज संशोधकानेच करावा असे कायदा म्हणत नाही. कोणत्याही नागरिकाला तो करता येतो आणि कारण सांगावे लागत नाही. प्रबंध पूर्ण व्हायच्या सहा महिने आधी संघटनेतल्या कोणीही, ज्याचा त्या विद्यापीठाशी काही संबंध नाही अशा कार्यकर्त्याने, तो टाकावा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. खासगी आणि काही अभिमत संस्थांच्या बाबतीत हा मार्ग इतका सरळ नाही, तिथे ईमेलवरच भिस्त ठेवावी लागेल.

कधी कधी उत्तर येते: "अशी नियमावली उपलब्ध नाही." ते कागद फेकू नका. जो नियम अस्तित्वातच नाही तो मोडला म्हणून प्रबंध परत केला जात असेल, तर कुलसचिवांना लिहिलेल्या पत्राला जोडायला त्याहून चांगला कागद मिळणार नाही.

ताईंचा प्रबंध चौथ्या खेपेला स्वीकारला गेला. पोचपावतीवर तारीख आहे आणि सहा महिने तिथून मोजले जात आहेत. त्यांची वर्ड फाईल, मजकूर काढून फक्त स्टाइल ठेवलेली, आणि मोजमापांचे ते एक पान आमच्या अभ्यासगटात ठेवले आहे. इतर विद्यापीठांची अशीच पाने तयार करायचे काम चालू आहे. ज्यांचे प्रबंध गेल्या दोन वर्षांत स्वीकारले गेले त्यांनी आपली फाईल आणि विद्यापीठाकडून आलेले त्रुटीपत्र, काही असल्यास, आणून द्यावे.